दीड मिलिमीटरसाठी अडलेली सही: गरम पाण्याच्या लाइनचा माझा अनुभव

भोसरीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पुण्यातल्याच एका संस्थेच्या वसतिगृहात गरम पाण्याची लाइन टाकायचं काम आम्हाला मिळालं. कोटेशन, ऑर्डर, अॅडव्हान्स, माल सगळं वेळेत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते ड्रॉइंगच्या मंजुरीत आणि तेही एका दोन मीटरच्या तुकड्यावर. त्या प्रकाराचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय. दुसऱ्या कोणावर अशी वेळ आली तर आकडे हाताशी असावेत.

बॉयलरच्या खोलीतून निघालेला दोन इंची एमएस पाइप दोन जाड भिंतींमधून पुढे जातो. भिंतींमधलं अंतर दोन मीटर. संस्थेच्या ड्रॉइंगमध्ये पाइप दोन्ही भिंतींत ग्राउट करून, म्हणजे भोवतीची फट सिमेंटने भरून, पक्का धरलेला होता. मी एका भिंतीत पाइप पक्का ठेवला आणि दुसऱ्या भिंतीत मोठ्या मापाची स्लीव्ह, पाइपभोवतीची सैल नळी, दाखवली, म्हणजे पाइपला आत-बाहेर सरकता येईल. तपासणाऱ्या साहेबांनी शेरा मारला: "स्लीव्ह अनावश्यक. दोन्ही टोकं फिक्स करा."

मी भेटायला गेलो. साहेब म्हणाले, "अहो, दोन मीटरचा पाइप वाढून वाढून किती वाढणार?" हिशोब मी तिथेच करून दाखवला. पोलाद दर अंशाला, दर मीटरला 0.012 मिलिमीटर वाढतं. पाइप बसवताना 25 अंश, चालू लाइनमध्ये 85 अंश, फरक 60 अंशांचा. म्हणजे दोन मीटरला 1.44 मिलिमीटर. "बघा, दीड मिलिमीटरही नाही," असं म्हणून त्यांनी फाइल बाजूला ठेवली.

खरी गोची इथेच आहे. प्रश्न पाइप किती वाढतो हा नसून त्याला वाढू दिलं नाही तर काय होतं हा आहे. भिंती हलल्या नाहीत तर पाइपला ते 1.44 मिलिमीटर स्वतःतच दाबून घ्यावे लागतात. त्यातून येणारा स्ट्रेस म्हणजे पोलादाचा ताठपणा सांगणारा इलॅस्टिक मॉड्युलस, प्रसरणाचा गुणांक आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार: `200000 × 0.000012 × 60 = 144` न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. या गुणाकारात लांबी कुठेच नाही. लांब पाइप जास्त वाढतो, पण ती वाढ दाबून घ्यायला त्याच्याकडे तेवढीच जास्त लांबी असते. दोन मीटर काय आणि वीतभर काय, स्ट्रेस तोच.

पुढच्या फेरीत फाइल नव्या शेऱ्यासह परत आली: "स्ट्रेस जास्त वाटत असल्यास हेवी क्लासचा पाइप वापरावा." माझा संयम सुटायला आला तो इथे. जोर भागिले क्षेत्रफळ म्हणजे स्ट्रेस, मग क्षेत्रफळ वाढवलं की स्ट्रेस उतरेल, असा त्यांचा विचार होता. बाहेरून वजन टांगलं असतं तर ते बरोबरच होतं. इथे मात्र जोर बाहेरून येत नाही, पाइप तो स्वतःच तयार करतो आणि पाइप जितका जाड तितका जोरही जास्त. आमच्या मीडियम पाइपच्या धातूचं क्षेत्रफळ साधारण 641 चौरस मिलिमीटर. गुणिले 144 केलं की 92 किलोन्यूटन, म्हणजे भिंतीवर नऊ टनांहून जास्त रेटा. हेवी क्लास घेतला तर क्षेत्रफळ 789 होतं आणि रेटा साडेअकरा टनांवर जातो. स्ट्रेस 144 चा 144 च राहतो. जास्त पैसे मोजून आपण भिंतीलाच जास्त ढकलणार.

144 या आकड्याने पाइप तुटत नाही, हेही मी लपवलं नाही. साध्या पोलादाची यील्ड मर्यादा, जिच्यापुढे धातूचा आकार कायमचा बदलतो, 250 च्या आसपास असते, त्यामुळे पाइप तग धरतो. सोसावं लागतं ते भिंतीला. शिवाय पूर्ण ताठ भिंत फक्त पुस्तकात असते. भिंती मिळून अर्धा मिलिमीटर जरी सरकल्या तरी स्ट्रेस 94 वर येतो. साहेबांना हे पटकन पटलं. "मग झालं तर, भिंत घेईल थोडं," म्हणाले. पण भिंत "थोडं घेते" म्हणजे ग्राउट फुटतं, आणि ते रोज तापण्या-निवण्यात पुन्हा पुन्हा होत राहतं.

दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, हे डोक्यातून काढायला मी जुन्या बाजारातून एक बंद इस्त्री आणली आणि तिच्या थर्मोस्टॅटमधली द्विधातू पट्टी काढून घेऊन गेलो. चहाच्या शेगडीजवळ धरली तशी ती डोळ्यांदेखत वाकली आणि बाजूला धरल्यावर पुन्हा सरळ झाली. त्यामागचं गणितही सांगितलं. समजा पितळ आणि पोलाद एकमेकांना पक्के जोडलेत, पट्टी 100 मिलिमीटर लांब आणि एकूण एक मिलिमीटर जाड आहे. 60 अंशांनी तापवली तर दोन धातूंच्या वाढीतला फरक जेमतेम 0.04 मिलिमीटर. पण दोघांनाही एकमेकांपासून सुटता येत नाही, म्हणून जास्त वाढणारं पितळ बाहेरच्या वळणावर जातं आणि एक टोक धरलेलं असेल तर दुसरं टोक तीन मिलिमीटर सरकतं. हे सूत्र टिमोशेंको यांनी 1925 मध्ये मांडलं. अडवलेली वाढ अशी मोठी होऊन दुसरीकडून बाहेर पडते.

हीच गोष्ट लांब पाइपला वेगळ्या रीतीने लागू होते, आणि लांबी महत्त्वाची ठरते ती इथे. आमचा दोन मीटरचा तुकडा 92 किलोन्यूटनच्या रेट्यालाही बाकत नाही, म्हणून सगळा रेटा भिंतीवर जातो. तोच पाइप दोन भिंतींमध्ये मधल्या आधाराशिवाय बारा मीटर असता, तर 14 किलोन्यूटनलाच कमान टाकून बाजूला गेला असता. तेव्हा पाइप वाकलेला दिसला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. आखूड पाइप वाकत नाही, तो भिंत फोडतो.

शेवटी सही मिळाली ती त्याच इमारतीतल्या जुन्या लाइनमुळे. तिथे पाइपभोवतीचं ग्राउट कड्यासारखं सुटलेलं होतं आणि प्लास्टरला पाइपापासून बाहेर जाणाऱ्या चिरा पडल्या होत्या. सकाळी लाइन थंड असताना मी भिंतीच्या कडेला पाइपवर पेन्सिलची रेघ मारली. पाणी तापल्यावर साहेबांना बोलावून दाखवलं, रेघ भिंतीपासून मिलिमीटरभर पुढे आली होती. त्यांनी वाकून पाहिलं, बोट लावलं आणि म्हणाले, "स्लीव्ह ठेवा." इतके दिवस जे हिशोबाने झालं नाही ते एका रेघेने झालं. त्याचा आनंद आहे, पण ही रेघ आधीच का मारून दाखवली नाही असं कोणी विचारू नये. ती लाइन बघायची परवानगीच उशिरा मिळाली.

एक गोष्ट वर राहिली. पाइप कोणत्या तापमानाला बसवायचा ते ड्रॉइंगवर लिहा. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास असतो. तेव्हा बसवलेल्या पाइपला 85 पर्यंत 75 अंशांचा फरक सोसावा लागतो आणि दोन्ही टोकं पक्की असतील तर स्ट्रेस 180 वर जातो. स्लीव्हमधली फट सिमेंटने भरू नका, फिटर सवयीने भरतात. आम्ही ग्लासवूल ठासून तोंडाला मऊ सीलंट लावलं आणि ग्राउटचं पोतं त्या दिवशी साइटवर येऊच दिलं नाही.