फोटो मेलबर्नहून जातो, सांगलीहून जात नाही

सप्रेम नमस्कार.

हे पत्र शेवटी तुम्हाला इंग्रजीतच पाठवावं लागणार, पण तक्रार मला मराठीतच धड सुचते. म्हणून आधी इथे मांडून घेतो.

तुमचं बागवाल्यांचं ॲप मला आवडतं. गच्चीतल्या कृष्णकमळाच्या कळ्या उमलायच्या आधीच का गळतात, असा प्रश्न मी तिथे टाकला तर तो लगेच दिसतो आणि उत्तरंही येतात. मग कोणीतरी म्हणतं, ‘फोटो टाका.’ तिथेच घोडं पेंड खातं. बटण दाबलं की शून्य टक्क्यावरच लाल पट्टी येते आणि इंटरनेट तपासा म्हणून सांगते. माझा शाळेतला मित्र मेलबर्नला मुलाकडे असतो. त्याचे लिंबांचे फोटो मात्र दिवसभर झरझर चढत असतात. तो मला विचारतो, ‘तुझ्याकडे अजून नेट आलं नाही काय रे?’

तुमच्या ॲपवर भारतातून फोटो का जात नाही, असं मी पहिल्या पत्रात विचारलं होतं. त्याला तुम्ही उत्तर दिलंत, त्याबद्दल आभार. कॅश साफ करा, ॲप काढून पुन्हा घ्या, चांगल्या नेटवर्कमध्ये जा, आणि आमच्या बाजूने सगळं ठीक दिसतंय. पहिल्या तिन्ही गोष्टी केल्या. चौथ्याबद्दल पुढे बोलतो.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. तिथे फॉल्ट शोधायची रीत ठरलेली होती. एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर तपासायचं, मग पिलरवर, मग डीपीवर, आणि शेवटी ग्राहकाच्या घरात. कुठवर टोन येतो आणि कुठून येत नाही ते कळलं की फॉल्ट त्या दोहोंच्या मध्ये. ‘टेलिफोन बदलून बघा’ हा सल्ला आम्ही सगळ्यात शेवटी द्यायचो, कारण तो काही न तपासता देता येतो.

तीच रीत लावली. फोटो मित्राला पाठवला, त्याने तो स्वतःच्या खात्यातून टाकला, गेला. मग त्याने तिकडून माझ्या खात्यात शिरून तोच फोटो टाकला, तरी गेला. म्हणजे फोटोही बरा आणि माझं खातंही बरं. मग घरच्या संगणकावर तुमची वेबसाइट उघडली, तिथेही फोटो अडला. म्हणजे मोबाइलचा दोष नाही. उरली ती लाइन.

आता लाइन मंद असेल असं तुम्ही म्हणाल. पण मंद लाइन अशी वागत नाही. माझा फोटो पाच एमबीचा, म्हणजे चाळीस मेगाबिट. अपलोडचा वेग अगदी एक एमबीपीएस धरला तरी चाळीस सेकंदांचं काम. मंद लाइनवर टक्के हळूहळू चढतात आणि साठ-सत्तरवर दम तोडतात. इथे फोटो उंबरठाच ओलांडत नाही. म्हणजे त्याला जायचंय तो पत्ताच त्याला मिळत नसावा.

मग ब्राउझरमध्ये F12 दाबून Network चा तक्ता उघडला. इतकी वर्षं लाइनी तपासल्यावर आतलं काही दिसायला लागलं की मजा येते, हे मान्य करतो. मजकूर तुमच्या स्वतःच्या सर्व्हरकडे जातो, ती ओळ हिरवी. फोटोसाठी मात्र तुमचा सर्व्हर फक्त एक तात्पुरती परवानगी देतो, आणि फोटो थेट दुसऱ्याच एका साठवण कंपनीच्या पत्त्यावर पाठवायला सांगतो. ती ओळ लाल, आणि पुढे `ERR_NAME_NOT_RESOLVED`. त्या नावाचा पत्ता विचारला, तर माझी ब्रॉडबँड कंपनी म्हणते, असं कोणी राहतच नाही.

मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये `Private DNS` ला `dns.google` लिहिलं, म्हणजे पत्ता ब्रॉडबँडवाल्यांना विचारायचाच नाही. घरच्या वाय-फायवर फोटो तत्काळ गेला. म्हटलं, संपलं! पण बाजारात मोबाइलच्या सिमवर तोच फोटो टाकायला गेलो तर पुन्हा लाल. सिमवरच संगणक जोडून पाहिलं तर आता `ERR_CONNECTION_RESET`. पत्ता मिळत होता, पण जोडणी सुरू होताना साइटचं नाव उघड पाठवावं लागतं, ते वाचून ही दुसरी कंपनी मध्येच तार तोडते. तिथे डीएनएस बदलून उपयोग नाही. खालच्या मजल्यावर तिसऱ्याच कंपनीचं कनेक्शन आहे, तिथे काहीही न बदलता फोटो गेला. म्हणजे माझा मूळ प्रश्नही थोडा सुधारायला हवा: तुमचा फोटो भारतात अडत नाही, भारतातल्या काही कंपन्यांकडे अडतो, आणि प्रत्येकीकडे वेगळ्या पद्धतीने.

असं का, हे तुमच्या देशात बसून लक्षात येणं अवघड आहे. आमच्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली सरकार साइट बंद करायला सांगू शकतं, आणि न्यायालयंही चित्रपटांच्या चोरीवरून तसे आदेश देतात. तो आदेश अमलात आणतात इंटरनेट कंपन्या, आपापल्या परीने. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच एका आदेशानंतर इथे विमिओ आणि पेस्टबिन पूर्णच बंद पडले होते. शेवटी न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की बंद करायच्या त्या ठरावीक लिंका, आख्खी साइट नव्हे. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशाने ३२ साइट बंद झाल्या, त्यात गिटहबसुद्धा होतं. तुमची साठवण कंपनी हजारो ॲपना एकाच नावाखाली जागा देते. त्यात कोणीतरी चोरीचा सिनेमा ठेवला असणार आणि ते नावच कोणाच्या तरी यादीत गेलं असणार, असा माझा अंदाज. एका बिऱ्हाडाने पाणीपट्टी थकवली म्हणून सगळ्या चाळीचा नळ तोडावा, तसं. सरकारी आदेश गोपनीय ठेवायचा असा २००९ चा नियम आहे, तेव्हा मी विचारून मला काही कळणार नाही. साठवण कंपनीला विचारायचा अधिकार तुम्हाला आहे.

आता ते ‘आमच्या बाजूने सगळं ठीक दिसतंय.’ दिसणारच. फोटो तुमच्यापर्यंत पोचलाच नाही, तर तुमच्या नोंदीत चूक उमटणार कुठून? तुम्हाला दिसेल ते एवढंच, की इथल्या माणसांना परवानग्या दिल्या गेल्या आणि त्यांवर पुढे काहीच आलं नाही. तेच मोजून पाहा, कंपनीवार. माझ्यासारखे किती निघतात ते तुम्हालाच कळेल.

माझी मागणी मोठी नाही. फोटो त्या सामायिक नावावर थेट पाठवू नका. तुमच्याच नावाखाली एक पत्ता काढा, फोटो तिथे घ्या आणि मागून हवा तिथे ठेवा. तुमचा बँडविड्थचा खर्च थोडा वाढेल, हे मला कळतं. ते जमेपर्यंत निदान लाल पट्टीवरचा मजकूर बदला. माझं इंटरनेट मी तपासलंय.

सोबत तिन्ही लाइनींवरचे स्क्रीनशॉट जोडले आहेत, कंपनी आणि वेळेसह. वेळा भारतीय आहेत, तुमच्या नोंदी यूटीसीत असतील तर साडेपाच तास वजा करा.

कळावे.

ता. क. कृष्णकमळाचा फोटो खालच्या मजल्यावरून टाकला. पाणी जास्त होतंय म्हणतात.