के-मॅपमधला मधला चौकोन

शुक्रवार, रात्री. परभणी

के-मॅप म्हणजे लॉजिकचं समीकरण लहान करायची चौकट, तिच्यात शेजारशेजारचे एक गटात धरायचे. तो शिकवताना बहुतेक जण पोरांच्या डोक्यात एकच वाक्य बसवतात, की मोठ्यात मोठा गट आधी करा. मी इतकी वर्षं डिजिटलचं प्रॅक्टिकल घेतोय आणि मला हे वाक्य कायम अर्धवट वाटत आलंय. आज भाचीची वही बघताना परत तेच वाटलं म्हणून लिहून ठेवायलोय. ती नांदेडला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला आलीय, आणि तिच्या सरावात हे गणित होतं:

```
F(A,B,C,D) = Σm(1,5,6,7,11,12,13,15)
```

म्हणजे चार इनपुट, 0 ते 15 अशी सोळा कॉम्बिनेशन, आणि त्यातल्या या आठ ठिकाणी आउटपुट 1. A आठाच्या जागेवर, B चाराच्या, C दोनाच्या, D एकाच्या, त्यामुळे 13 म्हणजे 1101. मॅप असा मांडला:

```
AB\CD  00  01  11  10
00      0   1   0   0
01      0   1   1   1
11      1   1   1   0
10      0   0   1   0
```

इथं 01 नंतर 10 न येता 11 येतं, यातच सगळी गंमत आहे. असं मांडलं की शेजारच्या कुठल्याही दोन घरांत फक्त एकच इनपुट बदलतो, आणि जो बदलतो तो उडून जातो, कारण X आणि X', म्हणजे X चं उलट, दोन्हीला आउटपुट 1 असेल तर X काहीही असला तरी फरक पडत नाही. वेइचनं 1952 साली अशा चौकटी काढल्या होत्या पण त्याचा क्रम वेगळा होता, 1953 मध्ये बेल लॅब्सच्या मॉरिस कार्नोनं ग्रे कोडचा हा क्रम वापरला आणि शेजारीपण डोळ्याला सरळ दिसायला लागलं. पहिला आणि शेवटचा कॉलम पण शेजारीच धरायचे, वरची आणि खालची ओळ पण, फक्त आजच्या गणितात त्याचा उपयोग होत नाही.

तर भाचीनं पहिल्यांदा काय केलं, मधला चार एकांचा चौकोन धरला, 5, 7, 13, 15. कोणाचीही नजर आधी तिथंच जाते. चारही ठिकाणी B आणि D 1 आहेत, A आणि C बदलतात, म्हणून टर्म आली BD, दोनच अक्षरं. मग बाहेर राहिले 1, 6, 11 आणि 12. हे चौघं त्या चौकोनाला चार बाजूंनी भिरभिऱ्याच्या पात्यांसारखे चिकटलेत, प्रत्येकाला शेजारी एकच आणि तो पण चौकोनातला. मग तिनं जोड्या लावल्या:

```
1,5    A'C'D
6,7    A'BC
12,13  ABC'
11,15  ACD
```

आणि उत्तर लिहिलं, पाच टर्म, BD धरून. मी म्हणलं, बाळा, आता चौकोनातल्या एकेका घरावर बोट ठेव आणि बघ, ते दुसऱ्या कुठल्या गटात आलंय का. 5 आलंय, 7 आलंय, 13, 15, सगळेच आलेत. ती म्हणली, "मामा, मग चौकोन कामून काढला मी?" हाच तर प्रश्न आहे.

गट मोठ्यात मोठा करायचा हे खरंच आहे, पण तो नियम गट किती वाढवायचा याचा आहे, कुठला गट आधी निवडायचा याचा नाही. निवडताना सुरुवात एकट्या पडलेल्या एकापासून करायची, ज्याला जायला एकच गट आहे त्यापासून. 1 ला 5 शिवाय कोणी नाही, म्हणून ती जोडी घ्यावीच लागते. जो गट आणखी वाढवता येत नाही तो प्राइम इम्प्लिकंट, आणि असा घ्यावाच लागणारा असेल तर त्याला एसेन्शियल प्राइम इम्प्लिकंट म्हणतात. 6, 11, 12 चं पण तसंच. चार जोड्या घेतल्या की आठही एक झाकले जातात आणि मधल्या चौकोनासाठी झाकायला काही उरतच नाही. BD प्राइम इम्प्लिकंट आहे, पण एसेन्शियल नाही. म्हणून कमीत कमी उत्तर:

```
F = A'C'D + A'BC + ABC' + ACD
```

परीक्षेत इथं थांबायचं, पूर्ण मार्क. पण तिनं वहीत BD वर काट मारली तेव्हा मला राहवलं नाही, म्हणलं जरा थांब, खऱ्या सर्किटमध्ये याच चौकोनाचं काम पडतं.

समजा A=0, B=1, D=1 असं धरून ठेवलंय आणि C एकाचा शून्य होतोय, म्हणजे 7 वरून 5 वर जातोय. दोन्हीकडे आउटपुट 1 आहे, तर मध्ये काहीच हलायला नको. पण 7 ला आउटपुट धरून ठेवलंय A'BC नं आणि 5 ला धरणार A'C'D. C पडला की पहिली टर्म लगेच सुटते, दुसरीला मात्र C' पाहिजे, आणि C' इनव्हर्टरमधून येतो. 74LS04 ला साधारण 10 नॅनोसेकंद लागतात. तेवढा वेळ दोन्ही टर्म शून्य, आणि आउटपुटला खाली एक बारीक टोचा येतो. याला स्टॅटिक-1 हॅझर्ड म्हणतात. उलटं, 5 वरून 7 ला जाताना बहुतेक दिसत नाही, कारण तिथं नवी टर्म आधी लागते आणि जुनी उशिरा सुटते. एलईडी लावली तर डोळ्याला काहीच कळणार नाही, पण हेच आउटपुट काउंटरच्या क्लॉकला दिलं तर काउंट फुकटचा एकानं पुढं जाऊ शकतो, आणि मग पोरं आयसी बदलत बसतात.

मॅपवर हे ओळखायची खूण सोपी आहे, दोन एक शेजारी आहेत पण दोघांना मिळून घेणारा एकही गट नाही, तिथं टोचा येऊ शकतो. आपल्या उत्तरात अशा जागा चार आहेत, 5-7, 7-15, 15-13 आणि 13-5, आणि चारही त्या मधल्या चौकोनाच्या कडा. BD परत घेतला की A किंवा C बदलताना तो 1 वर टिकून राहतो आणि चारही जागा एकदम बंद.

आणि खर्च? चार जोड्यांना तीन इनपुटचे चार अँड गेट लागतात, 74LS11 मध्ये तीन असतात, म्हणजे दोन आयसी घ्याव्याच लागतात आणि दोन गेट रिकामे राहतात. BD त्यातल्या एकात बसतो, तिसरा इनपुट उघडा सोडायचा नाही, B लाच जोडून टाकायचा. चार टर्म ऑर करायला 74LS32 मधले तीन गेट जातात, पाचवीसाठी चौथा आहेच. एकही आयसी वाढत नाही.

फक्त हे एका वेळी एकच इनपुट बदलत असेल तरच चालतं. 6 वरून 5 ला जाताना C आणि D दोन्ही बदलतात, वाटेत 7 लागलं तर ठीक, 4 लागलं तर तिथं आउटपुट शून्यच आहे आणि तो शून्य फंक्शनचाच आहे, कुठलाही गट वाढवून तो जाणार नाही. तसं असेल तर F ला क्लॉक म्हणून वापरायचंच नाही, फ्लिपफ्लॉपच्या डेटा इनपुटला द्यायचं आणि वेगळ्या क्लॉकनं, सगळं स्थिर झाल्यावर वाचायचं. उद्या ब्रेडबोर्डवर तिच्याकडून आधी BD शिवाय आणि मग BD घालून लावून घेणार आहे.