आमची वाटचाल : 'आजीचा खण' आणि परत आलेली वीस पार्सलं

२०१६ साली कोल्हापुरात आमच्या घराच्या माडीवर दोन शिलाई मशीन लावून मी आणि माझ्या धाकट्या जाऊबाईंनी लहान मुलींसाठी खणाचे परकर-पोलके शिवायला सुरुवात केली. कापड गुळेदगुड्डहून यायचं, शिवण घरची आणि गिऱ्हाईक ओळखीतलं. आज सहा मशीन आहेत, स्वतःची वेबसाइट आहे आणि वर्षाची निम्मी विक्री दसरा ते भाऊबीज या दिवसांत होते. या वाटचालीत आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं ते २०२४च्या दिवाळीत परत आलेल्या वीस पार्सलांनी, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

त्या वर्षी आम्ही मोबाइलवर दोन जाहिराती चालवल्या. फोटो एकच, दिवस तेच, जिल्हे तेच, आणि प्रत्येकीवर खर्च सहा हजार रुपये. फरक फक्त मजकुराचा होता. पहिलीत मी लिहिलं होतं, 'लेकीची दिवाळी, आजीच्या खणात!' दुसरी जाऊबाईंची होती : 'खणाचं परकर-पोलकं. कंबर मोजून मागवा. आत सुती अस्तर, शिवणीत दोन इंच माया. २२ ऑक्टोबरपर्यंत ऑर्डर केल्यास वसुबारसेआधी घरी.' कुठल्या जाहिरातीवरून माणूस आलं ते कळावं म्हणून दोन्ही लिंकांच्या शेवटी `utm_content=aaji` आणि `utm_content=maap` अशी खूण जोडली होती. ही खूण नसती तर पुढचं काहीच कळलं नसतं.

भाऊबिजेच्या संध्याकाळी मी हिशेब उघडला. माझ्या जाहिरातीवर १,२०० क्लिक आणि ४८ ऑर्डरी, जाऊबाईंच्या जाहिरातीवर ७५० क्लिक आणि ३६ ऑर्डरी. पुढच्या वर्षी माझीच ओळ चालवायची, असं मी वहीत लिहूनही टाकलं.

ती घाई होती. आमच्याकडे माल मिळाल्यावर दहा दिवसांत परत करता येतो, आणि कुरिअरने न घेतलेलं पार्सल माघारी यायला आणखी आठवडा जातो. नोव्हेंबर संपता संपता माझ्या ओळीची ४८ पैकी २० पार्सलं परत आली होती. जाऊबाईंची ३६ पैकी ५. म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी राहिलेले कपडे माझ्याकडे २८ आणि त्यांच्याकडे ३१. परत आलेल्या प्रत्येक पार्सलाला जाण्या-येण्याचे मिळून साधारण १४० रुपये आम्हीच भरतो. जाहिरातीचा खर्च आणि हे भाडं एकत्र करून घरी राहिलेल्या कपड्यांवर वाटलं, तर माझ्या ओळीला नगामागे ३१४ रुपये पडले आणि जाऊबाईंच्या ओळीला २१६.

इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. २८ आणि ३१ मधला फरक काहीच नाही, पुढच्या वेळी तो उलटाही होईल. पण ४८ मधली २० आणि ३६ मधली ५ हा फरक योगायोगाचा वाटत नव्हता, म्हणून आम्ही त्याच्याच मागे लागलो.

परतावा दोन तऱ्हेचा असतो आणि तो वेगवेगळा मोजायला हवा. दारातूनच माघारी आलेली माझी नऊ पार्सलं होती. कुरिअरच्या नोंदी काढल्या, तर त्यांतली सहा लक्ष्मीपूजनानंतर दारात पोचली होती. जाऊबाईंनी शेवटची तारीख लिहिली होती, मी लिहिली नव्हती, त्यामुळे माझ्या ओळीवर वसुबारसेच्या आदल्या दिवसापर्यंत ऑर्डरी येत राहिल्या. पैसे घरी माल आल्यावर द्यायचे होते आणि सण सरला होता, मग कोण घेणार?

उरलेली अकरा घरात जाऊन, उघडून परत आली होती. वेबसाइटवर कारण निवडायची यादी आहे, पण 'माप बसलं नाही' एवढ्यावरून मजकुरात काय बदलायचं ते कळत नाही. म्हणून जाऊबाईंनी अकराही जणींना फोन केले. 'ताई, पैसे परत केलेच आहेत, फक्त मागवताना तुम्हाला काय वाटलं होतं ते सांगा,' एवढंच विचारायचं. सहा जणींनी वय पाहून माप निवडलं होतं. एक म्हणाल्या, 'माझी पाच वर्षांची आहे, पण अंगानं बारीक. परकर कमरेवर थांबेचना.' तिघींना रंग वेगळा वाटला. खणात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे तेच कापड उन्हात जांभळं आणि ट्यूबलाइटखाली तपकिरी दिसतं. उरलेल्या दोघींचं उत्तर मला फार लागलं. 'आजीचा खण' वाचून त्यांना कापड हातमागाचं वाटलं होतं. आमचं कापड यंत्रमागाचं आहे आणि त्यात कृत्रिम रेशीम आहे. मी खोटं लिहिलं नव्हतं, पण माझ्या एका शब्दाने त्यांना जे दिसलं ते पार्सलात नव्हतं. 'आजी' त्या दिवशी जाहिरातीतून गेली.

तरी एक प्रश्न उरला. दोन्ही जाहिरातींत एकाच वेळी पाच-सहा गोष्टी वेगळ्या होत्या. भावनेची ओळ वाईट की तिच्याखाली माहिती नव्हती ते वाईट, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नव्हतं. म्हणून २०२५ ला एकच गोष्ट बदलली. खालचा मजकूर दोन्हींत सारखा ठेवला : कंबर आणि उंची मोजायची रीत, 'यंत्रमागाचा खण' हे स्पष्ट शब्द, अस्तर, माया आणि शेवटची तारीख. बदलली ती फक्त पहिली ओळ. एकीत 'लेकीची दिवाळी, खणाच्या परकर-पोलक्यात', दुसरीत 'कंबर मोजा, परकर बेताचा बसेल'. वेबसाइटवरचे वयाचे आकडेही काढून इंच लिहिले.

तारखांचीही काळजी घेतली. २०२४ ला वसुबारस २८ ऑक्टोबरला होती, २०२५ ला १७ ऑक्टोबरला. '१० ऑक्टोबरची विक्री' दोन वर्षांत ताडून पाहिली असती तर हिशेब फसला असता. आता आमच्या तक्त्यात तारखेऐवजी 'वसुबारसेआधी किती दिवस' असा रकाना आहे, आणि त्यावरूनच शेवटची तारीख ११ ऑक्टोबर ठरवली.

या वेळी आकडे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बघायचेच नाहीत, असं ठरवलं होतं. भावनेच्या ओळीवर ५२ ऑर्डरी आल्या, ६ परत. मापाच्या ओळीवर ४१ ऑर्डरी, ५ परत. परताव्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच. म्हणजे लेकीच्या कौतुकाची ओळ दोषी नव्हती. ती माणसाला आत आणत होती, आणि आत आल्यावर त्याला लागणारी माहिती मी २०२४ ला दिली नव्हती. ५२ आणि ४१ हे आकडे लहान आहेत हे मला ठाऊक आहे, पण लागोपाठ दोन वर्षं कल एकाच बाजूचा दिसतो, म्हणून या दिवाळीला तीच ओळ वर राहील.

२०२५ ला दोन्ही ओळींची मिळून परत आलेल्या अकरांमधली चार मात्र रंगामुळे आली. 'उजेडाप्रमाणे रंग बदललेला दिसतो' असं आम्ही लिहिलं होतं, तरीही. फोन केल्यावर कळलं की चौघींनीही ते वाचलं होतं, पण रंग इतका बदलेल असं वाटलं नव्हतं. या बाबतीत शब्द अपुरे पडतात, असं आता आमचं मत झालंय. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्याआधी प्रत्येक रंगाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ करायचा आहे : खिडकीजवळ धरलेला परकर ट्यूबलाइटखाली नेताना. निम्म्या रंगांना व्हिडिओ लावू, निम्म्यांना नाही, आणि परतावा रंगवार मोजू. जांभळा आणि मोरपंखी यांपासून सुरुवात करतोय, कारण चारांपैकी तीन परकर त्याच दोन रंगांचे होते.