यात्रेचा गट, चार्टर विमान आणि परताव्याची वाट: माझा अनुभव

आमच्या यात्रेच्या गटाची बुकिंगं माझ्याकडे असतात. या वेळी ४४ जण होते, त्यातले निम्म्याहून जास्त साठीपुढचे. नेहमीच्या विमानाने जायचं तर वाटेत विमान बदलावं लागत होतं, चार्टर मात्र थेट जात होतं. "मला ती मधली धावपळ झेपायची नाही रे," असं गटातल्या एका मावशींनी सांगितलं आणि चार्टर ठरलं.

पैसे भरण्याआधी मी आयोजकाला विचारलं, आमचा करार नक्की कुणाशी? हंगामापुरतं विमान भाड्याने घेतलं होतं आयोजकाने. विमान कंपनीचा करार त्याच्याशी, आणि आमचाही त्याच्याशीच. म्हणजे फेरी रद्द झाली तर परतावा मागायचा तो आयोजकाकडे. हा फरक कागदावरही दिसतो. नेहमीच्या तिकिटावर १३ आकडी तिकीट क्रमांक असतो, त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे, आणि पीएनआर कंपनीच्या साइटवर टाकला की बुकिंग समोर येतं. आम्हाला मिळालं आयोजकाचं व्हाउचर. त्यावर तारीख होती, जागांची संख्या होती, तिकीट क्रमांक नव्हता.

दुसरा प्रश्न होता विमान किती फेऱ्या करणार याचा. हंगामी चार्टरमध्ये साधारणपणे तेच विमान एका गटाला सोडतं आणि आधीच्या गटाला घेऊन परततं. पहिल्या फेरीत ते परत येताना रिकामं आणि शेवटच्या फेरीत जाताना रिकामं. हा सगळा खर्च भरलेल्या जागांवर बसतो, म्हणून जागा कमी भरल्या की आयोजकाला दोन फेऱ्या एकत्र करण्याचा मोह होतो. उशिराचंही तसंच. सकाळची फेरी रखडली की पुढच्या सगळ्या रखडतात, आणि वैमानिकांची ड्यूटीची मर्यादा भरली तर उड्डाण थेट दुसऱ्या दिवशी. मोठ्या विमान कंपनीकडे दुसरं विमान किंवा पुढची फेरी असू शकते. आयोजकाकडे बहुधा तेवढं एकच विमान.

म्हणून करारात दोन कलमं घालून घेतली. तारीख २४ तासांहून जास्त सरकली तर आम्ही रद्द करू शकतो आणि इसाऱ्यासकट सगळे पैसे १५ दिवसांत परत. शिवाय शेवटचा एक तृतीयांश हप्ता उड्डाणाची परवानगी आणि वेळ लेखी कळल्यावरच. आयोजक कुरकुरला, पण ४४ जागा एकगठ्ठा जात होत्या, त्यामुळे मान्य केलं.

निघायला तीन आठवडे असताना पत्र आलं: "परिचालन कारणास्तव" आमची फेरी पुढच्या फेरीत मिळवली, तारीख दोन दिवसांनी पुढे. तिकडचा मुक्काम आरक्षित होता, तो सरकत नव्हता. आयोजकाने परताव्याऐवजी पुढच्या हंगामाचं क्रेडिट देऊ केलं. फोनवर वाद घालत बसलो नाही. कलमाचा क्रमांक, पत्राची तारीख आणि भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या जोडून रद्द करत असल्याची ईमेल त्याच दिवशी पाठवली. क्रेडिट स्वीकारत नाही, हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहिलं, कारण गप्प राहणं नंतर होकार म्हणून दाखवता येतं.

मग नेहमीच्या विमानाची शोधाशोध. ऐन हंगामात ४४ जागा एका विमानात कुठून मिळणार? तीन तुकड्या करून वेगवेगळ्या विमानांनी गेलो, प्रत्येक तुकडीत एक धडधाकट माणूस जबाबदार म्हणून ठेवला. भाडं चार्टरपेक्षा बरंच जास्त पडलं, आणि तो फरक आमचाच. परताव्याच्या कलमात फक्त भरलेले पैसे येतात. मावशींना व्हीलचेअर आधीच नोंदवून ठेवली होती, त्यामुळे मधली धावपळ तशी झालीच नाही.

परतावा १५ दिवसांत आला नाही. इसारा लगेच मिळाला, पण दुसरा हप्ता विमान कंपनीकडे गेलाय, तिथून आला की देतो, असं उत्तर आलं. तो त्या दोघांमधला हिशोब, आमच्या करारात त्याचा उल्लेख नव्हता. तेवढंच लिहून वकिलाची नोटीस पाठवल्यावर उरलेली रक्कम जमा झाली. तिसरा हप्ता अडकलाच नाही, कारण तो आमच्याच खात्यात होता.

चार्टरचं एक मात्र मला आजही पटतं. प्रवाशांची यादी बंद होईपर्यंत आयोजक नाव बदलून देत होता. नेहमीच्या विमानाच्या गट तिकिटात नावं एकदा गेली आणि तिकिटं निघाली की बदल अवघड. आमचे एक काका ऐनवेळी आजारी पडले, त्यांच्या जागी त्यांच्या मुलाला नेता आलं नाही. त्या तिकिटाचे फक्त विमानतळ शुल्क आणि कर परत मिळाले, तेही एजंटाकडे अर्ज केल्यावर.