चार वर्षांची खाज आणि ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा

पाळी बंद झाल्यावर दोनेक वर्षांनी लघवीच्या जागी खाज सुरू झाली. दिवसा कामात कळायचं नाही, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की जीव नकोसा व्हायचा. चार वर्षांत तीन दवाखाने झाले. प्रत्येक ठिकाणी बुरशीच्या गोळ्या मिळाल्या, पण तपासून कुणीच बघितलं नाही. मीही लाजेपोटी कुणाला बघा म्हणाले नाही. मग एकदा आरशात पाहिलं, तर कातडी पांढरी पडलेली. कोड फुटलं असं वाटून रात्रभर रडले.

शेवटी लातूरला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी चांगला उजेड लावून पुढून मागून, गुदद्वारापर्यंत तपासलं. म्हणाल्या, "मावशी, कोडात नुसता रंग जातो. तुमची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालीय, चिरा पडल्यात, आतले ओठ चिकटलेत. हा लायकेन स्क्लेरोसस वाटतो. कुणापासून लागत नाही, कुणाला लागणारही नाही." एक जागा जाड वाटली, म्हणून तुकडा तपासू म्हणाल्या. पण मी मेडिकलमधून आणलेलं मिश्र मलम लावत होते. त्यातल्या स्टिरॉइडमुळे रिपोर्ट फसू शकतो, म्हणून तीन आठवडे ते बंद ठेवायला लावलं. ते दिवस फार वाईट गेले.

तुकडा काढताना भुलीची सुई झोंबली, पुढचं काही कळलं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा, एक विरघळणारा टाका. दोन दिवस लघवीला आग व्हायची, तेव्हा वरून कोमट पाणी सोडायचे. रिपोर्टमध्ये तोच आजार निघाला, कॅन्सर नव्हता.

क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे जोरदार स्टिरॉइड, नुसतं मलम, असं लिहून दिलं. दुकानदाराने बुरशीचं औषध मिसळलेली क्रीम दिली, ती मी परत केली. डब्यातल्या कागदावर नाजूक जागी लावू नका असं छापलेलं वाचून माझे हात थांबले. फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, या आजाराला हेच औषध, फक्त माप पाळा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ, म्हणजे अर्धा ग्रॅम. पहिला महिना रोज रात्री, दुसरा एकाआड एक, तिसऱ्यात आठवड्यातून दोनदा. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरायला हवी. लवकर संपली तर जास्त लावतेय, तशीच राहिली तर भीतीने कमी लावतेय. साबण, डेटॉल बंद.

तिसऱ्या आठवड्यात मी सलग झोपले. चिरा भरल्या. पांढरेपणा थोडा राहिला, आणि चिकटलेले ओठ काही सुटले नाहीत. चार वर्षं आधी कुणी बघितलं असतं तर, हे मनातून जात नाही.

खाज नसली तरी आठवड्यातून दोनदा मलम चालू आहे आणि वर्षातून एकदा तपासणी. या आजारात थोड्या बायकांना पुढे तिथे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून महिन्यातून एकदा आरसा धरून बघते. न भरणारी जखम, गाठ किंवा जाड खरखरीत चट्टा दिसला, तर वर्षाची वाट न बघता लातूर गाठायचं ठरलंय.