पॅरिस ते मिलान : एक ई-सिम, एक हॉटस्पॉट आणि आम्ही सगळे

मे महिन्याच्या शेवटी आई, बाबा, ताई आणि मी युरोपला जाऊन आलो. मार्ग साधा होता. पॅरिस, तिथून रेल्वेने बासेलमार्गे ल्यूसर्न, टिटलिसचा एक दिवस आणि मग गोटहार्डच्या बोगद्यातून मिलान. म्युनिकला शिकणारा भाचा ल्यूसर्नला येऊन मिळाला. काय पाहिलं, काय खाल्लं हे इथे लिहीत नाही, त्यावर ढीगभर मजकूर आहे. परत आल्यापासून ओळखीचे लोक विचारतात ते वेगळंच : "इंटरनेटचं काय केलंत? सगळ्यांनी रोमिंग पॅक घेतले का?"

घेतले नाहीत. माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये २० जीबीचं एक ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम, घेतलं आणि बाकीचे माझ्या हॉटस्पॉटवर चालले. सगळे सतत एकत्र फिरणार असतील तर हे जमतं. ताई एकीकडे आणि आईबाबा दुसरीकडे असं होणार असेल, तर निदान दोन फोनांत डेटा हवा.

ई-सिम निवडताना किमतीच्या आधी देशांची यादी उघडून त्यात स्वित्झर्लंड आहे का ते पाहा. नुसतं "युरोप" लिहिलेलं पुरत नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि नॉर्वे-आइसलँडसारखं युरोपीय आर्थिक क्षेत्रातही नाही. संघाच्या सिमवाल्यांना २०१७ पासून एकमेकांच्या देशांत घरच्याच दराने रोमिंग मिळतं, पण तो नियम स्विस हद्दीत लागू होत नाही. म्हणून स्वस्त युरोप प्लॅनमधून नेमका हाच देश वगळलेला असू शकतो. आपली मंडळी पॅरिस-स्विस-इटली असाच बेत करतात, म्हणजे सहलीचा मधला, सगळ्यात महाग तुकडाच नेटविना जायचा.

दुसरं पाहायचं ते त्या प्लॅनवर हॉटस्पॉट चालतो का. काही प्लॅनमध्ये, विशेषतः "अनलिमिटेड" म्हणून विकल्या जाणाऱ्यांत, तो बंद असतो किंवा दिवसाला ठरावीक डेटापुरताच मिळतो. हे बारीक अक्षरात असतं. सापडलं नाही तर पैसे भरण्याआधी चॅटवर विचारून घ्या.

खरेदी भारतातूनच करणार असाल तर एक माहीत असू द्या. २०२४ च्या सुरुवातीला काही परदेशी ई-सिम विक्रेत्यांची ॲप्स सरकारी आदेशाने इथे बंद झाली, कारण परदेशी सिम भारतात विकायला परवानगी लागते. परवानगी असलेले विक्रेते पासपोर्टची प्रत मागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

फोन ई-सिम घेतो का हे पाहायला डायलरमध्ये `*#06#` दाबा. IMEI च्या जोडीला EID असा लांबलचक आकडा दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. मग विक्रेत्याने पाठवलेला क्यूआर कोड दुसऱ्या एखाद्या स्क्रीनवर उघडा आणि घरच्या वाय-फायवर, निघायच्या आदल्या दिवशी स्कॅन करा. प्रोफाइल उतरवायलाच इंटरनेट लागतं, त्यामुळे "विमानतळावर उतरल्यावर बघू" हा बेत तिथे वाय-फाय मिळालं तरच पार पडतो. मुदत कधीपासून मोजतात तेही वाचा. बहुतेक प्लॅनची मुदत परदेशातल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर सुरू होते, पण काहींची प्रोफाइल उतरवल्याक्षणी. आणि एकदा उतरवलेलं ई-सिम काही झालं तरी डिलीट करू नका. कोड सहसा एकदाच चालतो.

आता सगळ्यात गोंधळाची जागा, म्हणजे Data Roaming. फोनमध्ये दोन सिम झाली की हे बटणही दोन ठिकाणी दिसतं. भारतीय सिमचं बंद ठेवायचं आणि ई-सिमचं चालू. ई-सिमसाठी पैसे भरलेत, मग त्याला रोमिंग कशाला, असं बाबांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. असं ई-सिम मुळात तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडमध्ये ते पाहुणं म्हणूनच चालतं. बटण बंद असेल तर वर सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसतात, पण एकही पान उघडत नाही. हे लक्षण दिसलं की आधी तिथेच जा. त्यानंतरही नेट आलं नाही, तर विक्रेत्याने दिलेलं APN, म्हणजे इंटरनेटला जोडायची नेटवर्क सेटिंग, भरलं आहे का ते तपासा.

याच कारणाने ब्राउझर कधीकधी आपण भलत्याच देशात आहोत असं समजतो. आमचं गूगल पॅरिसमध्ये पोलिश बोलत होतं. डेटा त्या मूळ कंपनीच्या देशातून फिरून येतो, एवढंच.

भारतीय सिम काढून ठेवू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात आणि एसएमएसला डेटा रोमिंग लागत नाही. मात्र त्या नंबरावर इंटरनॅशनल रोमिंगची सेवा निघण्यापूर्वी चालू करून घ्यावी लागते. येणारा फोन उचललात तर पैसे पडतात, म्हणून नातेवाइकांना व्हॉट्सॲपवरच फोन करायला सांगून ठेवलं. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालतं. नवं सिम पाहून त्याने नंबर बदलायचा का असं विचारलं, तर नाही म्हणा.

आयफोनवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. Mobile Data मध्ये ई-सिम निवडल्यावर खाली Allow Mobile Data Switching असं बटण असतं, ते बंद करा. ते चालू असलं की कॉल दुसऱ्या सिमवर असताना फोन डेटाही त्या सिमवरून घेऊ शकतो. भारतीय सिमचं डेटा रोमिंगही चुकून चालू राहिलेलं असेल, तर बिल येईपर्यंत पत्ता लागत नाही.

हॉटस्पॉट मुद्दाम अँड्रॉइडवर ठेवला. आयफोन किती डेटा वापरला ते दाखवतो, पण अमुक जीबी झाले की थांब, असं त्याला सांगता येत नाही. अँड्रॉइडमध्ये Settings मधून Network & internet, तिथून SIMs, मग ते ई-सिम आणि Data warning & limit असं जायचं. सॅमसंगमध्ये हीच सोय Connections खाली Data usage मध्ये मिळते. इशारा १० जीबीला लावला आणि मर्यादा १८ ला. मर्यादा गाठली की फोन मोबाइल डेटा स्वतःच बंद करतो. मग उरलेले दोन जीबी तिकिटं आणि नकाशासाठी हाताशी राहतात, आपण मुद्दाम चालू केलं तरच ते वापरले जातात.

इथे एक खाच आहे. हा हिशेब महिन्याच्या चक्राने चालतो आणि चक्र सहसा १ तारखेला सुरू होतं. आमची सहल मे-जूनच्या सांध्यावर होती. चक्राची तारीख तशीच राहिली असती, तर १ जूनला मोजणी शून्यावर गेली असती आणि १८ ची मर्यादा नव्याने सुरू झाली असती. इकडे ई-सिममधला डेटा मात्र संपत आलेला. म्हणून चक्राची तारीख पॅरिसला उतरायच्या दिवसाची ठेवली. शिवाय फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा तंतोतंत जुळत नाहीत. खरा शिल्लक डेटा विक्रेत्याच्या ॲपमध्ये पाहायचा, रोज रात्री एकदा.

१० जीबीचा इशारा टिटलिसहून परतताना गाडीतच वाजला, माझ्या अंदाजापेक्षा बराच लवकर. कोणत्या ॲपने किती खाल्लं त्या यादीत नकाशा आणि ब्राउझर किरकोळ होते. वर होती Hotspot & tethering ही ओळ, तीन जीबीच्या पुढे गेलेली. म्हणजे डेटा जोडलेल्या फोनांपैकी कुणीतरी ओढत होतं. ताईचा आयफोन पॉवर बँकेला लावलेला होता आणि सकाळी बर्फात घेतलेले व्हिडिओ निवांत क्लाउडवर चढत होते. हॉटस्पॉट तिच्या फोनच्या लेखी वाय-फायच, आणि वाय-फाय म्हणजे फुकट, मोकळं नेट. 4K व्हिडिओ मिनिटाला सुमारे १७० एमबी होतो. वीस मिनिटांचे व्हिडिओ धरले तर ३.४ जीबी, म्हणजे हिशेब जुळलाच.

यावर उपाय हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवर नाही, घेणाऱ्या प्रत्येक फोनवर करायचा असतो. आयफोनमध्ये Wi-Fi उघडून आपल्या हॉटस्पॉटच्या नावापुढच्या i वर टॅप करा आणि Low Data Mode चालू करा. फोटोंचा बॅकअप तिथल्या तिथे थांबतो. अँड्रॉइडमध्ये त्याच जागी Network usage मध्ये Treat as metered निवडा. विंडोज लॅपटॉपवर त्या वाय-फायच्या माहितीत Metered connection चालू करा, नाहीतर अपडेट नेमकं गाडीत बसल्यावर उतरायला लागतं. आईबाबांच्या फोनवर याशिवाय व्हॉट्सॲपमधलं मीडियाचं आपोआप डाउनलोड वाय-फायसाठीही बंद केलं. सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ आल्प्समध्ये बघायची गरज नाही, असं माझं मत. आईचं नाही.

हे केल्यावर पुढचे दिवस सगळे मिळून दिवसाला एक जीबीच्या आत राहिलो. बॅकअप हॉटेलच्या वाय-फायवर रात्री व्हायचा. पॅरिस, ल्यूसर्न आणि मिलानचे नकाशे आधीच ऑफलाइन उतरवले होते, त्याचाही फायदा झाला.

भाच्याची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे जर्मन सिम आहे, त्यामुळे पॅरिस किंवा मिलानमध्ये त्याला काही करावं लागत नाही. पण स्वित्झर्लंड काही जर्मन प्लॅनमध्ये धरलेलं असतं, काहींत नसतं. त्याच्या प्लॅनमध्ये नव्हतं. गाडी ऑस्ट्रियाचा कोपरा कापून स्विस हद्दीत शिरली आणि दराचा एसएमएस आला, तसा त्याने डेटा बंद केला. युरोपीय सिमवाल्यांना एक संरक्षण आहे : वेगळी मर्यादा ठरवली नसेल तर रोमिंगचा डेटा कर वगळून ५० युरोला तोडला जातो आणि त्याच्या ८० टक्क्यांवर इशारा येतो. तरी ५० युरो म्हणजे ल्यूसर्नमधलं दोघांचं जेवण. तो आमच्याच हॉटस्पॉटवर बसला.

सीमेजवळ राहणार असाल, म्हणजे जिनिव्हा, बासेल किंवा कोमोच्या बाजूला, तर फोन पलीकडच्या देशाचं नेटवर्क पकडू शकतो. ई-सिममध्ये दोन्ही देश असतील तर काही बिघडत नाही. भाच्यासारखं सिम असेल, तर नेटवर्कची निवड ऑटोमॅटिकवरून काढून हाताने करा. स्वित्झर्लंडमध्ये Swisscom, Sunrise आणि Salt ही नावं दिसतील, ती टाळायची.

विमानात एअरप्लेन मोड विसरू नका. काही विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि भारतीय सिम त्याला जोडलं गेलं तर त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा निराळे असतात. मुंबईत उतरल्यावर डेटा पुन्हा भारतीय सिमवर आणा आणि ई-सिम आधी नुसतं बंद करा. मुदतीत डेटा उरला असेल आणि घरातलं कुणी त्याच फोनसह लगेच युरोपला जाणार असेल, तर तो वापरता येतो. प्रोफाइल दुसऱ्या फोनवर हलवायला मात्र बहुतेक विक्रेते देत नाहीत.