तोलार खिंडीच्या वर, निळ्या ठिपक्याची वाट बघताना

हरिश्चंद्रगडाला मी तीनदा गेले आहे, पण दुसऱ्या खेपेची ती पस्तीस मिनिटं अजून मनातून जात नाहीत. धुकं होतं, पाऊस होता, बॅटरी भरपूर होती, नकाशाही फोनमध्ये डाउनलोड केलेला होता. तरी आम्ही कुठे उभे आहोत ते त्या नकाशाला सांगता येईना. नेटवर्क नसताना नकाशा वापरायचा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. ते आधी कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

ऑगस्टचा महिना होता. मी, माझा मावसभाऊ, त्याची बायको आणि तिची एक मैत्रीण असे चौघं कल्याणहून पहाटेच्या आळेफाट्याच्या एसटीत बसलो. मुरबाडच्या पुढे नेटवर्क येत जात होतं, माळशेज घाटात गेलंच. बसमध्ये नकाशाने काही त्रास दिला नाही. कल्याणला नेटवर्क असतानाच मी ॲप उघडून ठिपका आणून घेतला होता आणि खिडकीशी बसले होते, त्यामुळे घाटातल्या धुक्यातही बस कुठे आहे ते दिसत होतं. साडेसातच्या सुमारास खुबी फाट्यावर उतरलो. मी ॲप बंद केलं, फोन फ्लाइट मोडवर टाकला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि सॅकच्या तळाशी ठेवून दिला. पावसात फोन जपायचा एवढंच डोक्यात होतं.

खिरेश्वर गाव, तिथून तोलार खिंड, खिंडीतलं वाघाचं शिल्प, वरचा रेलिंग लावलेला कातळ, हे सगळं ठीक पार पडलं. गावातल्या एका मामांनी निघताना बजावलं होतं, "खिंडीपर्यंत कुणी चुकत नाही, पोरांनो. चुकतात ते वर चढल्यावर. रानात शिरलात की गुरांच्या वाटेला लागू नका." आम्ही हो म्हटलं आणि काही तासांनी नेमके गुरांच्याच वाटेला लागलो.

कातळ चढून गेलं की देवळापर्यंत बरंच चालायचं असतं. मध्ये झाडी, ओढे, छोटे चढउतार, पुन्हा झाडी. उन्हाळ्यात वाट ठळक दिसते. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, आणि गुरांच्या पायांनी पडलेली वाट माणसांच्या वाटेपेक्षा रुंद दिसते. साडेअकराला एका ओढ्यापाशी वाट फुटली, आम्ही रुंद वाटेने गेलो, आणि दहाएक मिनिटांनी ती करवंदीच्या जाळीत विरून गेली. मागे वळून पाहिलं तर धुक्यात पंधरा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

फोन काढला. माझ्याकडे दोन नकाशे होते. एक आपला रोजचा, शहरात गाडीसाठी वापरतो तो. त्यात मी माळशेजचा भाग चौकोन करून डाउनलोड केला होता. दुसरा ऑरगॅनिक मॅप्स, ज्यात लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती असते.

पहिल्या नकाशाने ठिपका लगेच दाखवला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग नीट पाहिलं. ठिपका राखाडी होता आणि धरणाच्या काठाला, खुबी फाट्यावर होता. म्हणजे आम्ही जिथे शेवटचे सापडलो होतो ती सकाळची जागा. हे मला फार धोक्याचं वाटतं. राखाडी ठिपका म्हणजे आत्ताची जागा नव्हे, जुनी आठवण. आमचा ठिपका पार गडाखाली होता म्हणून कळलं. तो शंभर-दोनशे मीटर मागचा असता तर आम्ही त्यावर विश्वास ठेवून चालू पडलो असतो. भोवतीचा नकाशाही नुसता हिरवा होता, त्यावर वाट म्हणून एक रेघ नाही. दिशा विचारली तर मार्ग मिळत नाही एवढंच उत्तर. नेटवर्क नसताना तो नकाशा फक्त गाडीचे रस्ते सांगतो, पायी चालायचा रस्ता सांगत नाही. हे मी घरी तपासायला हवं होतं.

दुसऱ्या नकाशात पायवाटेची तुटक रेघ स्पष्ट होती, खिंडीपासून देवळापर्यंत. पण आम्ही त्या रेघेवर आहोत की बाजूला, हे सांगणारा ठिपका येईना. कोपऱ्यातलं शोधायचं चक्र फिरतच राहिलं.

इथून पुढे आम्ही जे केलं ते सगळं चुकीचं होतं. मावसभाऊ फोन हातात घेऊन चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे जात होता. दर मिनिटाला ॲप बंद करून पुन्हा उघडत होता. पाऊस वाढला की झाडाखाली जात होता. वहिनींनी फोनवर छत्री धरली. एकदा फोन बंद करून चालूही केला. बारा वाजून गेले. मैत्रीण गारठली होती आणि "आलो तसे खाली जाऊ या" म्हणत होती, पण आलो ती वाट तरी कुठे दिसत होती?

मला राग कशाचा आला असेल तर याचाच, कारण उपाय साधा होता. मी नंतर घरी बसून समजून घेतलं ते असं. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, तो उपग्रहांचे संदेश ऐकतो. पण जागा काढायला प्रत्येक उपग्रह नेमका कुठे आहे हे फोनला माहीत असावं लागतं. नेटवर्क असलं की ही माहिती इंटरनेटवरून झटकन येते, म्हणून शहरात ठिपका दोन-चार सेकंदांत हजर होतो. नेटवर्क नसलं की फोनला तीच माहिती उपग्रहाकडून ऐकून घ्यावी लागते, आणि उपग्रह ती फार सावकाश सांगतो, सेकंदाला 50 बिट या वेगाने. एका उपग्रहाची कामापुरती माहिती एकदा सांगून व्हायला 30 सेकंद लागतात. मध्येच फांदी आली, हात आला, संदेश तुटला, की सुटलेला भाग पुन्हा येईपर्यंत थांबायचं. आणि असे किमान चार उपग्रह पुरते ऐकू यावे लागतात.

ही माहिती साधारण चार तास कामाला येते. मी खुबीला साडेसातला फोन बंद केला होता आणि साडेअकराला उघडला. सकाळची माहिती शिळी झाली होती, डोक्यावरचे उपग्रहही बदलले होते. वर ओली पानं, कारण पाण्याने भिजलेली झाडी हे संदेश बरेच अडवते. त्यात आम्ही हलत होतो. प्रत्येक वेळी ॲप बंद करून आम्ही निम्मं ऐकून झालेलं वाया घालवत होतो.

शेवटी कंटाळून मी फोन मागून घेतला. झाडीबाहेर एक उघडा कातळ होता, त्यावर सॅक आडवी ठेवली, फोन पिशवीसकट त्यावर पालथा न घालता आभाळाकडे तोंड करून ठेवला आणि सगळ्यांना म्हटलं, कुणी हात लावायचा नाही. खरं तर चिडून म्हटलं होतं, युक्ती माहीत होती म्हणून नव्हे. अडीच-तीन मिनिटं झाली असतील. चक्र थांबलं. आधी एक मोठं फिकट वर्तुळ आलं, अर्धं पठार व्यापणारं. मग ते आक्रसत आक्रसत लहान झालं आणि मधोमध निळा ठिपका. तुटक रेघेपासून आम्ही दक्षिणेला जेमतेम दीडशे मीटर होतो. दीडशे मीटर! मला रडू फुटलं.

ते वर्तुळ लहान होईपर्यंत चालायला लागू नका, हे इथेच सांगते. मोठ्या वर्तुळाचा अर्थ एवढाच की तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात.

रेघेकडे कोणत्या बाजूने जायचं हाही प्रश्न होता, कारण ठिपक्याचा बाण कधी इकडे कधी तिकडे वळत होता. फोनमधलं होकायंत्र जवळच्या लोखंडाने, कव्हरच्या चुंबकानेही बिघडतं. आम्ही बाणाकडे दुर्लक्ष केलं. वीसेक पावलं सरळ चाललो, ठिपका कुठे सरकला ते पाहिलं, आणि त्यावरून दिशा ठरवली. ओढा पुन्हा लागला, त्याच्या पलीकडे दगडावर पुसट पांढरा बाण रंगवलेला दिसला. दीड वाजता देवळाच्या कळसाशी होतो.

आता घरून निघण्याआधी मी काय करते ते. वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा पूर्ण डाउनलोड करते. ॲप घेतलं म्हणजे नकाशा आला असं नसतं, आतला प्रदेश वेगळा डाउनलोड करावा लागतो. मग घरातच फ्लाइट मोड लावून तोलार खिंडीपर्यंत नकाशा मोठा करून बघते. तुटक रेघ दिसली तर खरं. बस थांबते तो फाटा, गाव, वाट फुटते तो ओढा, देऊळ, या चार जागांना खुणा करून ठेवते. ती रेघ कुणीतरी माणसाने काढलेली असते, तेव्हा गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. मामांचं ऐकलं असतं तर फोन काढावाच लागला नसता.

एक राहिलंच. वर जाताना आपली चाल नोंदवून ठेवावी, म्हणजे उतरताना आपलीच रेघ धरून येता येतं. आम्ही त्या दिवशी देवळापासून नोंद सुरू केली, पण फोन बॅटरी वाचवायच्या सेटिंगवर होता. स्क्रीन बंद झाली की नोंदही थांबायची. घरी येऊन पाहिलं तर देवळापासून खिंडीपर्यंत पट्टीने आखावी तशी सरळ रेघ होती. बॅटरी वाचवायची तर फ्लाइट मोड पुरतो, कारण रानात फोनची शक्ती नेटवर्क शोधण्यातच जास्त जाते. त्या मोडमध्ये लोकेशन चालू राहतं का, हेही घरी एकदा बघून घ्यावं.

आणि कोकणकड्यावर धुक्यात नकाशावर भिस्त ठेवू नका. कड्याजवळ संदेश खडकावर आपटून येतात आणि ठिपका सहज दहा-वीस मीटर सरकतो. तिथे तेवढं अंतर म्हणजे कड्याची धार.

तिसऱ्या खेपेला डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा तोलार खिंडीत वाघाच्या शिल्पापाशी मी सगळ्यांना पाच मिनिटं बसवलं. फोन दगडावर ठेवला, ठिपका निळा झाला, वर्तुळ आवळलं. मग तो सॅकच्या वरच्या कप्प्यात, आभाळाच्या बाजूला ठेवला, ॲप चालूच. ओढ्यापाशी वाट फुटली तिथे काढून पाहिला. आम्ही बरोबर रेघेवर होतो, आणि रुंद वाट डावीकडे जात होती.